मारेगावचे चौदा टॅप

धम्मरत्न नगराळे यानं एकोणीस वर्षं यवतमाळच्या एका छापखान्यात मजकूर लावला. लग्नपत्रिका, वास्तूची निमंत्रणं, पुण्यानुमोदनाची पत्रकं. कमी जागेत जास्त सांगायची त्याला सवय होती. छापखाना बंद पडला तेव्हा त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर उर्वशीनं खरेदीचं ॲप सुरू केलं होतं, 'आठवडी' नावाचं. साड्या, भांडी, किराणा, गुडघ्याचं तेल. यवतमाळ, मारेगाव, वणी, राजूर इथे पोचवायचं. ॲपवरून गिऱ्हाइकाच्या फोनवर जी दोन ओळींची नोटिफिकेशन जाते, ती लिहायला तिला माणूस हवा होता. धम्मरत्न तिथे लागला आणि तिथलाच झाला.

त्याचा एकच हट्ट होता. मजकुरात इमोजी नको. "ज्याले शब्द सुचत नाही त्यानं चित्र लावावं," असं तो म्हणायचा. छापखान्यातही गणपतीचा ठसा आणि तुताऱ्या लावून पत्रिका भरणाऱ्यांवर तो असाच चिडायचा.

पण ॲपचं तांत्रिक काम पाहणारा राजदीप, सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर, ऐकणाऱ्यातला नव्हता. त्यानं एकदा धम्मरत्नला न विचारता लग्नसराईच्या साड्यांच्या मजकुरापुढे फुलांचा गुच्छ आणि जोडलेले हात लावून दिले. अर्ध्या तासात उर्वशीच्या मावशीचा फोन आला, "अवं, कोण गेलं?" व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर श्रद्धांजलीला तेच गुच्छ आणि तेच हात पडतात, तर लोकांनी दुसरं काय समजावं? त्या दिवशी टॅप, म्हणजे नोटिफिकेशन दाबून ॲप उघडणं, निम्म्यावर आले. धम्मरत्न आठ दिवस खूश होता.

"दादा, एका चुकीवरून नका ठरवू," उर्वशी म्हणाली. "मोजून पाहू."

मग त्यांनी मोजायला घेतलं. एकच मजकूर, एकच वेळ, गिऱ्हाइकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग. अर्ध्यांना साधा मजकूर, अर्ध्यांना इमोजी लावलेला. किती फोनवर गेला, किती जणांनी दाबून ॲप उघडलं, किती जणांनी वैतागून नोटिफिकेशनच बंद केली.

सात आठवड्यांनी, एका गुरुवारी, राजदीप लॅपटॉप घेऊन धम्मरत्नच्या टेबलाशी आला.

"दादा, तुमी अर्धे जिंकले, अर्धे हारले."

"अर्धा हारलेला माणूस चहा पाजत नाही. सांग."

नेहमीच्या गिऱ्हाइकांना साडीची, फराळाच्या सामानाची, बांगड्यांची खबर द्यायची असेल तर एक चित्र लावल्यानं फायदा होत होता. शंभरात चार जण दाबायचे, तिथे साडेपाच दाबत होते. एकाच्या जागी तीन चित्रं लावली की तो फायदा जात होता. चित्र सुरुवातीला लावलं आणि मजकूर लांब असला की छोट्या फोनवर शेवटचा 'मोफत' हा शब्दच कापला जात होता. आणि 'तुमचं सामान निघालं', 'तुमचे पैसे परत केले' असल्या मजकुरावर चित्र लावलं की टॅप कमी होत होते.

"काहून?" धम्मरत्ननं विचारलं.

"जाहिरात समजतात. आपल्या पैशाच्या गोष्टीवर कोणी नाचणारं चित्र लावलं तर तुमी भरोसा ठेवसान काय?"

"मी कशावरच ठेवत नाही. पुढं सांग."

"पुढं जुने गिऱ्हाईक, सहा महिन्यांत काहीच न घेतलेले. चारशे जण. दोनशेले साधं, दोनशेले इमोजीवालं. मंगळवारी आन् शुक्रवारी अकरा वाजता, असं चौदा खेपा. साध्यावर एकसष्ट टॅप, इमोजीवर बासष्ट. बरोबरीच समजा. मंग इमोजी ठेवूनच देऊ, दिसते तरी रंगीत. शनिवारी मॅडमले हेच सांगतो."

राजदीप खाली चहा सांगायला गेला. धम्मरत्नला आकड्यांवर लगेच विश्वास ठेवायची सवय नव्हती. छापखान्यात तो मुद्रितं तीनदा वाचायचा. त्यानं इमोजीच्या बाजूचे बासष्ट टॅप उलगडून पाहिले. बहुतेक फोन एकदा किंवा दोनदा दाबून थांबले होते. नवलाई होती तोवर दाबलं, मग सोडलं. पण एक फोन होता, त्यावरून चौदाच्या चौदा वेळा टॅप झाले होते. एकही खेप चुकलेली नव्हती. ॲप उघडलं, दहा-पंधरा सेकंद तसंच ठेवलं, बंद केलं. वस्तू एकही पाहिलेली नव्हती.

तो एक फोन वजा केला तर बासष्टचे अठ्ठेचाळीस होत होते. म्हणजे बरोबरी नव्हतीच. शिवाय चित्रांना कंटाळून अकरा जणांनी नोटिफिकेशन बंद केली होती, साध्या मजकुराच्या बाजूला फक्त तिघांनी.

हा कोण बिनकामाचा, म्हणून त्यानं गिऱ्हाईक नंबर उघडला. जुना फोन. मारेगाव. पत्ता त्याच्या घराच्या गल्लीतला, आणि पत्त्याला नाव दिलं होतं, 'आत्याचं घर'.

धम्मरत्ननं ते नाव पुन्हा वाचलं.

त्या गल्लीत ते नाव एकीनंच दिलेलं असणार. त्याची बायको साधना सासूला आत्या म्हणायची. राजूरजवळच्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स होती, मारेगावला त्याच्या आईजवळ राहायची, आणि तो यवतमाळहून शनिवारी घरी जायचा. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला आणि नऊ दिवसांत ती गेली. आईचा फोन तिनंच घेऊन दिला होता. गुडघ्याचं तेल मागवायला ॲपही तिनंच टाकून दिलं असेल. त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईला, रुखमाबाईला, अक्षर येत नव्हतं. मग ती अकराच्या ठोक्याला काय दाबत होती?

राजदीप चहा घेऊन आला. "काही सापडलं?"

"पाहून राह्यलो," धम्मरत्न म्हणाला आणि पडद्यावरची खिडकी बंद केली.

रात्री जेवताना त्यानं हिशेब करून पाहिला. गप्प राहिलं तर बरोबरी राहते आणि चित्रं चालू राहतात. सांगितलं तर चित्रं बंद होतात, साधी अक्षरं जातात, आणि मारेगावच्या त्या फोनवर अक्षरांचा काही उपयोग नाही. चारशे अनोळखी माणसांना थोडं कमी आवडणारी नोटिफिकेशन गेली तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण त्याला हेही कळत होतं, की आयुष्यभर चित्रांना नावं ठेवून आता खोट्या आकड्यावर चित्रं चालू ठेवायची, हे त्याच्यानं होणार नाही. आधी आई काय करते ते पाहायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. त्यानं सुट्टी टाकली आणि सकाळची वणीची एसटी धरली.

मारेगावला उतरून घरी पोचला तेव्हा दहा वाजले होते. रुखमाबाई ओसरीत बसून तुरीची डाळ पाखडत होती. त्याला पाहून तिनं सूप खाली ठेवलं.

"आज कसा? शनवार हाय का?"

"नाही माय, असाच आलो."

"असाच कोणी येते का? नोकरी गेली?"

"नाही ना गेली."

"मंग बस. चहा ठेवते. तोंड तर असं करून आला, जसा शेजारच्या पंजाबरावच्या बैलानं मारलं."

चहा झाला. तिनं फोन पदरातून काढून समोरच्या स्टुलावर ठेवला, चष्मा लावला आणि पुन्हा सूप घेतलं. पण सुपाकडे तिचं लक्ष नव्हतं. अकराला दोन-तीन मिनिटं असताना तिनं सूप बाजूला सारलं आणि हात लुगड्याला पुसले.

फोन वाजला. वर साडीच्या पिशवीचं चित्र, पुढे धम्मरत्नचीच ओळ. रुखमाबाईनं बोट नीट धरलं, दाबलं, ॲप उघडलं. तिनं त्यातलं काही पाहिलं नाही. जरा वेळ फोन तसाच हातात धरला, मग बंद करून ठेवला.

"माय, हे काहून दाबतं तू?"

"कोणी पाठवलं त्याले कळाले नको, का पोचलं म्हणून?"

"ते दुकानाचं हाय माय. कोणी पाठवत नाही."

"मी येडी हाय का? दुकानाचंच हाय. आज थैली आली, मंगळवारी कढई आली. पण पाठवणारा कोणी तं असन ना तिकडं?" ती म्हणाली. "साधना सांगत जाय मले, आत्या, दाबजा, म्हणजे मले समजते तुमी पाह्यलं."

मग तिनं व्हॉट्सॲप उघडून फोन त्याच्या हातात दिला. "तू पाह्यलं नसन. पाय."

वरती साधनाचा फोटो होता, पांढऱ्या गणवेशातला. खाली चार वर्षांचं बोलणं होतं आणि त्यात एकही अक्षर नव्हतं. नुसती चित्रं. धम्मरत्न बोटानं वर सरकवत राहिला. रुखमाबाई त्याच्या खांद्यावरून वाकून सांगत होती.

"ही बस. म्हणजे बस भेटली, घंट्यात येते. हा भात. म्हणजे भात टाकून ठेवा. ही चंद्राची कोर, म्हणजे आज रातची ड्युटी, दार लावून घ्या. हे इंजेक्शन, म्हणजे लसीचा दिवस हाय, उशीर होईन. ही कोंबडी आली का मी अंडे आणून ठेवो."

"आन् हे?" त्यानं तिच्या बाजूच्या चित्रावर बोट ठेवलं. प्रत्येक निरोपाखाली एकच होतं, निळं बदाम.

"ते माह्यं. निळं तिनंच शोधून देल्लं. म्हणे आत्या, लाल पायजे का निळं? मी म्हटलं, आपलं निळंच बरं, जयभीमचं." ती हसली. "बाकीचे मले सापडत नव्हते. एवढंच वरती राहे."

धम्मरत्नला आठवलं. एका शनिवारी जेवताना त्यानं साधनाला टोकलं होतं, "मायले अक्षरं शिकव ना, हे लहान पोरांसारखे चित्रं काय पाठवतं?" साधना भाकरी वाढत म्हणाली होती, "अक्षरवाले तं तुमी आहा. तुमीच शिकवा." त्यानं शिकवली नव्हती. शनिवारी यायचा, पेपर वाचायचा, रविवारी दुपारी जायचा. ती गेल्यावरही तेच. मधल्या दिवसांत फोन करायचा, "जेवली का, गोळी घेतली का, ठेवतो."

बोटानं सरकवत तो खाली शेवटाशी आला. वणीच्या दवाखान्यातून आलेलं शेवटचं चित्र ताटाचं होतं.

"जेवले का म्हणून इचारत होती," रुखमाबाई म्हणाली. "सलाईन लागलं होतं, तरी."

त्याखाली तिचं निळं बदाम होतं. बदामाशेजारच्या दोन खुणा करड्या होत्या. वरच्या सगळ्या निळ्या झालेल्या, ही एकच नाही.

"हे नाही पाह्यलं तिनं," रुखमाबाई म्हणाली. "मी लय दिवस उघडून उघडून पाह्यलं. नाही झालं निळं." तिनं फोन त्याच्या हातातून घेतला आणि पदरानं काच पुसली. "तवापासून मी कोणाचंच तसं ठेवत नाही. दुकानाचं असो का बँकेचं असो. चित्र आलं का दाबून देते. कोणाचं अधर लटकत राहू नये."

समोर कोंबडी सुपातल्या डाळीशी आली, तिला धम्मरत्ननं हुसकलं.

"मागं एकदा नुसती चौकट आली," रुखमाबाई म्हणाली, "आतमधी फुल्ली मारलेली. मी घाबरली. म्हटलं कोणावर फुल्ली मारली बाई? तरी दाबलं."

त्याला हसू आलं आणि डोळेही भरले. ती खेप त्याला आठवत होती. राजदीपनं सुईचं चित्र लावलं होतं. ते नव्यातलं, जुन्या फोनला ठाऊक नसलेलं. जुना फोन त्याच्या जागी फुलीची चौकट दाखवतो. "ती सुई होती माय."

"सुई? मंग तुले कसं माईत?"

"ते तिकडचं काम मीच करतो. ज्या ओळी येतात ना थैलीपुढं, त्या मी लिहितो. तू दाबतं ते मले दिसते."

रुखमाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. "तुले दिसते?"

"चौदा खेपा दाबलं. आज पंधरावी."

"मंग बोलला काहून नाही येवढे दिवस?"

"मले कालच समजलं, ते तू आहे म्हणून."

रुखमाबाई सूप उचलून म्हणाली, "तरी म्हणत होती मी, तिकडं कोणी तं हाय."

शनिवारी उर्वशीच्या खोलीत तिघं बसले. राजदीपनं आकडे दाखवले. एकसष्ट आणि बासष्ट.

"म्हणजे सारखंच," उर्वशी म्हणाली. "मग जुन्या गिऱ्हाइकांना इमोजी राहू द्या."

"सारखं नाही, मॅडम," धम्मरत्न म्हणाला. "बासष्टमधले चौदा एकाच फोनचे आहेत. ते काढा. अठ्ठेचाळीस राहतात. त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्या चार खेपांतले आहेत, म्हणजे नवलाईचे. आणि अकरा जणांनी नोटिफिकेशन बंद केली. ती माणसं पुन्हा हाती लागत नाहीत. जे आधीच दूर गेले त्यांना चित्रं दाखवली तर ते अजून दूर जातात. त्यांना साधं लिहावं, कामाचं लिहावं, आणि आठवड्यातून दोनदा नाही, एकदा."

राजदीपनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला. "चौदा खेपा एकच फोन? मी तर पाह्यलंच नाही. दादा, हा कोणी रोबोट तर नाही?"

"नाही. ती माह्यी माय आहे."

राजदीपनं लॅपटॉप मिटला. मग त्यानं थोडक्यात सांगितलं. बस, भात, चंद्राची कोर. करड्या खुणांचं त्यानं सांगितलं नाही. ते त्या दोघींचं होतं.

उर्वशीनं डोळ्यांच्या कडा पुसल्या. "दादा, तेवढ्या एका फोनला चालू ठेवू ना चित्रं. राजदीप करेल. काय अवघड आहे?"

"दोन मिनटाचं काम," राजदीप म्हणाला. "मारेगावचा स्पेशल गट करून टाकतो. एक मेंबर."

धम्मरत्ननं मान हलवली. मनातून त्याला हो म्हणावंसं वाटत होतं. ते सोपंही होतं, अकरा वाजता मशीन पाठवेल, आई दाबेल, आणि त्याला काही करावं लागणार नाही.

"नको," तो म्हणाला. "साऱ्यांसोबत तिलेही साधंच जाऊ द्या. बाकी माह्याकडं लागलं."

"आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना?" उर्वशीनं विचारलं. "तिथे इमोजी जिंकले बरं का, दादा."

"तिथं लावू. एकच लावायचा, शेवटी लावायचा, आणि जुन्या फोनवर दिसतो का ते आधी पाहायचं."

"लिहून घेऊ का तुमचं हे वाक्य?" राजदीप म्हणाला. "तारखेसगट?"

मंगळवारी अकरा वाजता जुन्या गिऱ्हाइकांना साधा मजकूर गेला. 'गुडघ्याचं तेल पुन्हा आलं आहे. घरपोच मिळेल.' धम्मरत्न पडद्यासमोर बसून होता. पहिले टॅप आले, वणीचा एक, राजूरचे दोन, यवतमाळचे तीन. मारेगावच्या त्या फोनवर मजकूर पोचल्याची नोंद पडली. टॅप आला नाही. अकरा पाच झाले, अकरा दहा झाले.

त्याच्या डोळ्यांपुढे ओसरी आली. हात लुगड्याला पुसून बसलेली आई, आणि समोर नुसत्या अक्षरांची ओळ.

त्यानं स्वतःचा फोन काढला. आईच्या नावावर बोट ठेवलं. तिथे आजवर काहीच नव्हतं, कोरं पान. चित्रांची पाटी उघडली आणि तो अडला. इतकी चित्रं, आणि यातलं कोणतं पाठवावं हे त्याला सुचेना. माणसांचे चेहरेच शंभर होते, हसणारे, रडणारे, जीभ काढणारे. छापखान्यातल्या अक्षरांच्या खणांत त्याचा हात न बघता चालायचा, इथे तो पोरासारखा शोधत होता. शेवटी त्याला ताट सापडलं. त्यानं ते पाठवलं.

दोन खुणा उमटल्या. करड्या.

राजदीप काहीतरी विचारायला आला आणि त्याचा चेहरा पाहून परत गेला.

मग खुणा निळ्या झाल्या. लगेच फोनच वाजला.

"काहून रे, उपाशी हायस का?" रुखमाबाई ओरडली. तिला फोनवर ओरडूनच बोलता यायचं.

"नाही माय. तू जेवली का म्हणून इचारलं."

"अकरा वाजता कोण जेवते?"

"मंग ते ताट चुकलं माह्यं."

"चुकलं. अकराले चहा राह्यते. कप पाठवा लागे." मग हळू आवाजात म्हणाली, "आज दुकानाचं नुसतेच अक्षरं आले रे. मी म्हटलं, गेला वाटते हाही."

"मी कुठी जातो माय. हाय मी इथंच."

"ठेव मंग. तिकडं पैसे लागतात."

"पैसे नाही लागत."

"तरी ठेव. मले शोधू दे जरा."

फोन बंद झाला. काय शोधायचं होतं तिला, ते त्याला कळलं नाही. तो टेबलावर फोन ठेवून बसला. राजदीपनं दुरून विचारलं, "दादा, नेहमीच्यांचा शुक्रवारचा मजकूर?"

"लिहितो. थांब जरा."

चार मिनिटं गेली. मग फोन थरथरला. निळं बदाम होतं, आणि त्याखाली, वेगळं, एक बस. बदाम वरतीच असायचं, बस मात्र तिला खाली खाली जाऊन शोधावी लागली असणार. धम्मरत्नला अर्थ विचारावा लागला नाही. कधी येतं, असं ती विचारत होती.

त्यानं बसच्या चित्रावर बोट ठेवलं. तसं करायची गरज नव्हती, निरोप उघडला तेव्हाच तिकडे कळलं होतं. तरी त्यानं दाबलं. मग चित्रांच्या पाटीत पुन्हा शोधून त्यानंही एक बस पाठवली, आणि तिच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा एक निळं बदाम.

शुक्रवारी दुपारी तो वणीच्या एसटीत बसला. खिडकीजवळची जागा मिळाल्यावर त्यानं आधी फोन काढला.